हप्ता ४४१ रुपये जास्त का येत होता: एका पतसंस्थेच्या कर्जाचा हिशोब पुन्हा मांडून बघितला त्याची गोष्ट

पार्श्वभूमी

भांडुपला आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं हे प्रकरण. त्यांची आणि संस्थेची ओळख पटू नये म्हणून नावं टाकलेली नाहीत, आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. काकू नोकरीला आहेत, ऑफिसातल्या नोकरदारांची पतसंस्था आहे, तिथून त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी ४ लाखांचं कर्ज घेतलं. मुदत ४८ महिने, मंजुरीपत्रावर लिहिलेलं "व्याजदर द.सा.द.शे. १२ टक्के, घटत्या शिलकीवर", मासिक हप्ता १०,९७५ रुपये, पगारातूनच कापला जाणार. काकूंनी सही केली, चेक मिळाला, फी भरली, विषय संपला. नऊ महिने कोणी काही विचारलं नाही.

मग मुलाने कॉलेजात फायनान्सचा पेपर घेतला आणि मोबाईलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये सहज आईचं कर्ज टाकून बघितलं तर आकडा आला १०,५३४. म्हणजे महिन्याला ४४१ चा फरक, ४८ महिन्यांचे एकवीस हजारांवर. संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले, मी अकाउंट्समध्ये काम करतो म्हणून. मुलगा तापलेला होता, "दादा, हे सरळ फ्लॅट रेट लावतायत, घटत्या शिलकीवर नुसतं लिहिलंय." काकू म्हणाल्या, "अरे ऑफिसातली माणसं आहेत ती, रोज तोंड बघायचं असतं, उगाच चोर ठरवू नकोस आधी."

मला काकूंचं पटलं, पण मुलाचा आकडाही चुकीचा नव्हता. म्हणून ठरवलं की आधी आपण स्वतः हिशोब मांडायचा, ॲपवर विसंबून भांडायला जायचं नाही, कारण समोरचा विचारणार "ॲप बरोबर कशावरून" आणि तिथे आपण गप्प बसणार.

हिशोब हाताने मांडला तो असा

घटत्या शिलकीवरच्या समान हप्त्याचं सूत्र हे:

```
E = P * r * (1+r)^n / ((1+r)^n - 1)
```

P म्हणजे कर्जाची रक्कम, ४,००,०००. r म्हणजे एका महिन्याचा दर, वर्षाचा नाही, आणि इथेच बरेच जण घसरतात. १२ टक्क्यांना १२ ने भागलं की १ टक्का, म्हणजे ०.०१. n म्हणजे हप्ते, ४८.

अवघड फक्त (1.01)^48 काढणं आहे, पण साध्या कॅल्क्युलेटरवरही जमतं. १.०१ तीनदा गुणला की १.०३०३०१, हा तिसरा घात. त्याला त्यानेच गुणलं की सहावा, १.०६१५२०१५. पुन्हा तेच केलं की बारावा, १.१२६८२५०३. मग चोविसावा १.२६९७३४६५ आणि शेवटी अठ्ठेचाळिसावा १.६१२२२६०८. चारच वेळा दुप्पट करायचं, ३ वरून ६, १२, २४, ४८.

आता वरची बाजू: ४,००,००० गुणिले ०.०१ म्हणजे ४,०००, गुणिले १.६१२२२६०८, भागिले ०.६१२२२६०८. भागाकार येतो २.६३३३८, त्याला ४,००० ने गुणलं की १०,५३३.५३. म्हणजे ॲप बरोबर होतं.

मुलाने आधी वहीत हेच करताना १.६१२२ चं १.६१ करून टाकलं होतं आणि त्याचा हप्ता १०,५५७ आला, चोवीस रुपयांनी जास्त. भागाकारात वर १.६१ आणि खाली ०.६१ असतं, खालचा आकडा छोटा असल्यामुळे तिथली बारीक चूकही उत्तरात मोठी होते. म्हणून मधल्या पायरीत दशांश कापायचे नाहीत, शेवटी रुपयात गोळाबेरीज करायची. आपला आणि संस्थेचा आकडा पाच-पन्नास रुपयांनी वेगळा आला तर आधी स्वतःचीच वही तपासावी, फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो. इथे मात्र फरक ४४१ चा होता, तो गोळाबेरजेत बसणारा नव्हता.

सूत्रावर विश्वास बसावा म्हणून काकूंसमोर तीन महिने लिहून दाखवले. पहिल्या महिन्याचं व्याज ४,००,००० चा १ टक्का, ४,०००. १०,५३४ मधून ते गेलं, मुद्दलात ६,५३४ गेले, शिल्लक ३,९३,४६६. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिलकीवर, ३,९३४.६६, मुद्दलात ६,५९९.३४, शिल्लक ३,८६,८६६.६६. तिसऱ्याला व्याज ३,८६८.६७. व्याज दर महिन्याला थोडं थोडं उतरतं, मुद्दलाचा भाग चढतो. असं ४८ ओळी केल्यावर शिल्लक शून्याला टेकते, आणि हीच खरी चाचणी. काकू म्हणाल्या, "हे तर मला कळतंय, मग माझं का नाही असं?"

संशयित एकेक करून बाद

आधी मुलाचा संशय, फ्लॅट. फ्लॅट म्हणजे पूर्ण ४ लाखांवर चारही वर्षं व्याज, १२ टक्क्यांनी वर्षाला ४८,०००, चार वर्षांचे १,९२,०००, मुद्दल मिळून ५,९२,०००, भागिले ४८ म्हणजे १२,३३३. काकूंचा हप्ता त्यापेक्षा बराच कमी. म्हणजे फ्लॅट नाही. मुलाला ते आवडलं नाही, पण आकड्यापुढे काय बोलणार.

मग वाटलं की हप्त्यातच पतसंस्थेची महिन्याची वर्गणी मिसळली असेल. पण पगारपत्रकावर वर्गणीची ओळ वेगळी होती आणि हप्त्याची वेगळी. तेही बाद.

तिसरा संशय सगळ्यात मोठा होता, आणि खरं सांगायचं तर मी दोन दिवस त्यावरच अडकलो. अनेक ठिकाणी विम्याचा प्रीमियम किंवा फी कर्जातच चढवतात, कर्जदाराला वाटतं आपण ४ लाख घेतले आणि हप्ता बसतो त्याहून मोठ्या रकमेवर. हे तपासणं सोपं आहे कारण दर आणि मुदत तीच असेल तर हप्ता मुद्दलाच्या प्रमाणात वाढतो. १०,९७५ भागिले १०,५३३.५३ म्हणजे १.०४१९१, गुणिले ४ लाख म्हणजे साधारण ४,१६,७६४. म्हणजे १६,७६४ रुपये कुठून तरी चढले असायला हवे होते. मंजुरीपत्र, चेकची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, सगळं काढलं. चेक पूर्ण ४,००,००० चा होता, शेअर्सचे पैसे काकूंनी वेगळे भरले होते, विमा नव्हताच. हाही संशय गेला.

आता वाटतं हे दोन दिवस वाया गेले, कारण खरं उत्तर ज्या कागदावर होतं तो मागायलाच हवा होता आधी.

खाते उतारा आणि तिथली खूण

काकूंनी संस्थेत अर्ज करून कर्जखात्याचा उतारा मागितला, दोन दिवसांत मिळाला. नऊ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत हप्ता १०,९७५, मुद्दल ६,९७५ आणि व्याज ४,०००. नऊच्या नऊ महिने व्याज ४,००० च.

हे बघितल्या बघितल्या मला कळलं. घटत्या शिलकीवर महिन्याला व्याज लागत असेल तर दुसऱ्या महिन्यात ते ३,९३०.२५ असायला हवं, आणि नवव्या महिन्यापर्यंत ३,४२२ पर्यंत उतरायला हवं. इथे उतरतच नव्हतं. मुद्दल कापलं जात होतं, कागदावर शिल्लक कमी दिसत होती, पण व्याज मात्र वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीवर चालू होतं. याला वार्षिक घट म्हणतात. शिल्लक घटते खरी, पण व्याजासाठी ती वर्षातून एकदाच मोजतात.

पडताळा लगेच घेतला. वार्षिक पद्धतीत r महिन्याचा न घेता वर्षाचा, ०.१२, आणि n म्हणजे ४. १.१२ चा चौथा घात १.५७३५१९३६, सूत्रात टाकलं की वर्षाचा हप्ता १,३१,६९४, भागिले १२ म्हणजे १०,९७४.५, आणि संस्थेने वर चढवून केले १०,९७५. पैसा पैसा जुळला. सूत्र तेच होतं, आकडेमोडीतही चूक नव्हती, फक्त वर्षाच्या सूत्राचा आकडा बाराने भागून महिन्याचा हप्ता म्हणून कापत होते.

पूर्ण चार वर्षंही लिहून बघितली. पहिल्या वर्षी व्याज ४८,००० आणि वर्षअखेर शिल्लक ३,१६,३००. पुढच्या वर्षी व्याज ३७,९५६, शिल्लक २,२२,५५६. तिसऱ्या वर्षाअखेर १,१७,५६३. चौथ्या वर्षी व्याज १४,१०८ आणि शेवटी तीस रुपये जास्त भरले जातात इतकंच. म्हणजे संस्थेचा हिशोब स्वतःच्या पद्धतीने शून्याला टेकतो.

चौथं वर्ष नीट बघा, मला तिथेच सगळ्यात जास्त लागलं. वर्षाच्या सुरुवातीला १,१७,५६३ देणं, ते सगळं बारा महिन्यांत फिटतं, तरी व्याज पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचं, १४,१०८. हेच मासिक घटीने केलं तर त्याच रकमेचं बारा महिन्यांत व्याज होतं ७,७८१. शेवटच्या वर्षी जवळपास दुप्पट, आणि बाई म्हणते माझं कर्ज १२ टक्क्यांचं.

मग १२ टक्के खरे किती?

एक्सेलमध्ये दोन ओळी टाकल्या:

```
=PMT(12%/12,48,-400000)
=RATE(48,-10975,400000)*12
```

पहिल्या ओळीने १०,५३३.५३ दिले. दुसरीने विचारलं की ४ लाखांवर ४८ महिने १०,९७५ भरले तर मासिक घटीने दर किती पडतो, उत्तर १४.२ टक्के. एक्सेल नसेल तर अंदाजाने दर टाकत, १.१ टक्के महिना, १.२ टक्के महिना, वरच्या सूत्रातून हप्ता १०,९७५ येईपर्यंत सरकत जायचं, १.१८ आणि १.१९ च्या मध्ये थांबतं.

कागदावरचा १२ आणि हा १४.२, दोन्ही खरे आहेत, पण तुलना करायची तर १४.२ नेच करायची. मुलाने कर्ज घेताना एका बँकेचा १३ टक्क्यांचा प्रस्ताव "आपल्याकडे १२ मिळतंय" म्हणून सोडून दिला होता. तो निर्णय खरं तर उलटा पडला होता. बँकांना रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २००२ पासून शेतीकर्ज सोडून बाकी कर्जांवर व्याज मासिक आकारायला सांगितलंय, त्यामुळे बँकेचा १३ हा मासिक घटीचा १३ असतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, आणि तिथे कर्जाचे नियम संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत बघावे लागतात.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, गप्प बसणं. चार वर्षांत एकवीस हजार जास्त, पण ऑफिसात वाद नाही. काकूंचा कल आधी इकडेच होता.

दुसरा, संस्थेकडे लेखी मागणी की मंजुरीपत्रात घटत्या शिलकीवर असं लिहिलंय, वार्षिक असं नाही, तर मासिक करा.

तिसरा, उपनिबंधकांकडे तक्रार. मुलाला हाच हवा होता. मी थांबवलं, कारण संस्थेच्या नियमावलीत काय लिहिलंय ते आम्ही अजून बघितलंच नव्हतं.

चौथा, बँकेतून कर्ज घेऊन इथलं बंद करणं. याचा हिशोब केला. बारावा हप्ता गेल्यावर शिल्लक ३,१६,३००, ती ३६ महिन्यांसाठी १३ टक्के मासिक घटीने घेतली तर हप्ता १०,६५७ येतो, महिन्याला ३१८ वाचतात, तीन वर्षांचे साधारण ११,४००. पण बँक २ टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सांगत होती, ते साडेसात हजार. उरले चारएक हजार आणि सगळी धावपळ. काकू म्हणाल्या नको, आणि मलाही ते बरोबर वाटलं.

पाचवा पर्याय आम्हाला आधी सुचलाच नव्हता, तो उताऱ्यातून निघाला. काकूंची १ लाखाची एफडी दहाव्या महिन्यात संपत होती आणि ती लगेच कर्जात भरायचा त्यांचा विचार होता. मासिक पद्धतीत तेच शहाणपणाचं. पण वार्षिक घटीत दहाव्या महिन्यात भरलेले पैसे व्याजासाठी वर्ष संपेपर्यंत मोजलेच जात नाहीत, म्हणजे तीन महिने फुकट गेले असते.

प्रत्यक्षात केलं काय

काकूंसोबत मी दुपारच्या सुट्टीत संस्थेत गेलो. सोबत एकच कागद नेला, डावीकडे मासिक घटीचे पहिले तीन महिने, उजवीकडे उताऱ्यातले तीन महिने. आरोपाचा एक शब्द लिहिला नाही. सचिव साहेबांनी कागद बघितला आणि लगेच म्हणाले, "हो, आपल्याकडे वार्षिक आहे, पहिल्यापासून तसंच आहे." नियमावलीची पुस्तिका काढली, कर्जाच्या प्रकरणात एक ओळ होती, व्याज आकारणी वार्षिक घट पद्धतीने. म्हणजे लपवलेलं नव्हतं, पण मंजुरीपत्रात तो एक शब्द नव्हता आणि पुस्तिका कर्ज घेताना कोणी हातात दिली नव्हती. उपनिबंधकांकडचा मार्ग तिथेच कमकुवत झाला, हे मुलाला संध्याकाळी समजावून सांगावं लागलं.

काकूंनी दोन अर्ज दिले. एकात मासिक घटीची मागणी. दुसऱ्यात साधा प्रश्न, की १ लाख जादा भरायचे आहेत, ते कोणत्या तारखेपर्यंत भरले तर पुढच्या वर्षाच्या व्याजात धरले जातील, आणि उत्तर लेखी हवं. हा दुसरा अर्ज जास्त महत्त्वाचा ठरला. तोंडी एका कारकुनाने "कधीही भरा" सांगितलं होतं, लेखी उत्तर आलं की बारावा हप्ता कापला जाण्याआधी जमा व्हायला हवेत.

काय निष्पन्न झालं

पहिल्या अर्जावर संचालक मंडळाचं उत्तर आलं की चालू कर्जांना पद्धत बदलता येणार नाही, विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येईल. परतावा काही मिळाला नाही. मात्र नव्या मंजुरीपत्रांवर "वार्षिक घट" हे शब्द छापायला लागलेत, हे काकूंनी मैत्रिणीच्या पत्रावर बघितलं.

एफडी संपल्यावर पैसे बचत खात्यात ठेवले आणि बारावा हप्ता कापायच्या चार दिवस आधी संस्थेत भरले, पावतीवर कर्जखाते क्रमांक लिहून घेतला. शिल्लक ३,१६,३०० वरून २,१६,३०० झाली. हप्ता तोच ठेवला, मुदत कमी करा असं सांगितलं. आता कर्ज ४८ ऐवजी ३६ महिन्यांत फिटतं, शेवटचा हप्ता ३,०९८ चा छोटा, आणि एकूण व्याज १,२६,७७० वरून ८७,२२३ वर येतं. म्हणजे साडेएकोणचाळीस हजार कमी. अर्थात काकूंचे १ लाख त्यात अडकले, एफडीचं व्याज गेलं, ते या रकमेतून वजा धरायला हवं.

काय वेगळं करता आलं असतं

मंजुरीपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता, शिल्लक व्याजासाठी महिन्याला मोजता की वर्षाला. त्याच दिवशी सूत्रात आकडे टाकले असते तर १०,५३४ आणि १०,९७५ चा फरक दिसला असता आणि बँकेचा १३ टक्क्यांचा प्रस्ताव तेव्हा सुटला नसता, फी धरूनही कदाचित तोच बरा पडला असता. कर्ज घेतानाच तुलना करायला मोकळीक असते, नंतर फी आडवी येते.

मी स्वतः वेगळं काय करेन, तर फरक दिसल्याच्या पहिल्या दिवशी उतारा मागेन. व्याजाच्या रकान्यात सलग दोन महिने तोच आकडा दिसला की पुढचं गणित करायचीही फार गरज राहत नाही. दुसरं, हप्ता जुळवून थांबणार नाही, कारण हप्ता बरोबर असूनही जादा भरलेले पैसे कधी मोजले जातात यात वेगळा घोळ असू शकतो, आणि तो फक्त वर्षअखेरच्या शिलकीतच पकडता येतो.

काकूंच्या खात्यात दुसऱ्या वर्षाअखेर शिल्लक १,१०,५५६ दिसायला हवी. तो आकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चोविसाव्या हप्त्याच्या महिन्यात लिहून ठेवलाय, आणि त्या महिन्यात उतारा मागायचा हेही त्याच्याखाली.